दहा फटी आणि एक धूळकण : प्रोजेक्टच्या नोंदी

३ जानेवारी

शेवटी विषय ठरला, बारीक फटींतून लेझर सोडायचा आणि भिंतीवर पडणाऱ्या उजेड-अंधाराच्या पट्ट्या पाहायच्या. सर म्हणाले, डबल स्लिट सगळेच करतात, तुम्ही स्लिट वाढवत न्या आणि काय होते ते मोजून दाखवा, नुसते फोटो चिटकवू नका. पार्टनर लगेच हो म्हणाली, मी पण मान हलवली. घरी येऊन वही उघडली तेव्हा समजलं की मला फॉर्म्युला पाठ आहे पण चित्र डोक्यात नाही.

म्हणून आधी कागदावर बाण काढून पाहिले. प्रत्येक स्लिटमधून आलेली लाट म्हणजे एक बाण, आणि शेजारच्या दोन स्लिटच्या लाटांमधला फेजचा फरक म्हणजे पुढचा बाण किती वळवायचा तो कोन. फरक शून्य असला की सगळे बाण एका रेषेत, N स्लिट असल्या तर लांबी N, म्हणून तीव्रता N चा वर्ग. हे झालं प्रिन्सिपल मॅक्सिमा. फरक पूर्ण ३६०° झाला की परत तेच, पुढची ऑर्डर. मजा मधे आहे. तीन स्लिट असतील आणि फरक १२० अंश असेल तर तीन बाणांचा त्रिकोण बंद होतो, अंधार. पुढे १८० अंशाला पहिला बाण इकडे, दुसरा तिकडे, तिसरा परत इकडे, म्हणजे दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि एक उरतो. तीनातला एक, वर्ग केला की नवातला एक. हेच ते बारकं शिखर, मोठ्याच्या ११ टक्के. २४० अंशाला परत त्रिकोण, परत अंधार. चार स्लिटला चौकोन ९० अंशालाच बंद होतो, पाचला पंचकोन ७२ ला, दहाला ३६ ला. म्हणजे स्लिट जेवढ्या जास्त तेवढा पहिला अंधार मुख्य शिखराच्या जवळ सरकतो, आणि शिखर अरुंद होते म्हणतात ते हेच. जागा तिथंच राहते, कारण जागा दोन शेजारच्या स्लिटमधल्या अंतरावर ठरते आणि ते आपण बदलतच नाही.

दोन मोठ्या शिखरांच्या मधे N-1 अंधार आणि N-2 बारकी शिखरं. बारक्यांची उंची किती ते कॉम्प्युटरला विचारलं:

```python
import numpy as np
x = np.linspace(1e-6, np.pi-1e-6, 200001)
for N in (3, 4, 5, 10):
    I = (np.sin(N*x)/(N*np.sin(x)))**2
    k = (I[1:-1] > I[:-2]) & (I[1:-1] > I[2:])
    print(N, np.round(I[1:-1][k]*100, 2))
```

३ ला ११.११, ४ ला दोन्ही ७.४१, ५ ला ६.२५, ४ आणि ६.२५. दहाला मोठ्याला चिकटून असलेलं पाचच्या आसपास आणि मधली अजून लहान. सरांनी मोजायला सांगितलेत ते हे आकडे.

६ जानेवारी

स्लिट बनवणं. ओएचपी शीटवर लेझर प्रिंटरने काळी पट्टी आणि त्यात पारदर्शक रेघा, असा सोपा प्लॅन होता. फसला. ६०० डीपीआयचा एक ठिपका साधारण ४२ मायक्रॉनचा आणि आपल्याला स्लिटच ५० मायक्रॉनची पाहिजे, त्यामुळे कडा दातरलेल्या आल्या. त्याहून वाईट म्हणजे टोनरचा काळा भाग काळा नसतोच, उजेडासमोर धरला की सुईच्या टोकाएवढी हजार भोकं दिसतात आणि त्यातून गळलेला लेझर भिंतभर धुरासारखा पसरतो. बारकी शिखरं शोधायची आणि त्यावर हा धूर, कठीण आहे.

मग महाल भागातल्या एका ऑफसेटवाल्या भाऊकडे गेलो. तिथं प्लेट बनवायला आधी काळी फिल्म काढतात, तिला ते पॉझिटिव्ह म्हणतात. मशीन २५४० डीपीआय, म्हणजे ठिपका बरोबर १० मायक्रॉनचा, हिशोबाला इतका सोयीचा आकडा की मी मनातल्या मनात हात जोडले. स्लिट ५ ठिपके रुंद, एका स्लिटच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत २५ ठिपके. म्हणजे रुंदी ५० मायक्रॉन, अंतर २५० मायक्रॉन, उंची ५ मिलिमीटर. एकाच फिल्मवर २, ३, ४, ५ आणि १० चे गट टाकले. भाऊने फाइल पाहून विचारलं, "हे काय छापून राहिले तुम्ही, बारकोड का?" पार्टनर म्हणाली तसंच समजा.

१७८५ मधे फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउसने बारीक आट्यांच्या दोन स्क्रूवर पन्नासेक केस ताणून अशी जाळी बनवली होती. आम्हाला निदान केस नाही उपटावे लागले.

९ जानेवारी

रात्री नऊनंतर घरचा लांब पॅसेज, लाइट बंद, दारांच्या फटीत टॉवेल. लाल लेझर पॉइंटर, ६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॅटच्या आतला. भिंत ५ मीटरवर. दोन शिखरांमधलं अंतर यायला पाहिजे λL/d, तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर भागिले शेजारच्या स्लिटमधलं अंतर, म्हणजे १३ मिलिमीटर. फूटपट्टीने दहा पट्ट्यांची मिळून लांबी मोजली, सरासरी १३ च आली. पाचवी पट्टी दोन्हीकडे गायब होती, ते पण बरोबर, कारण अंतर हे रुंदीच्या पाच पट आहे आणि एका स्लिटचा स्वतःचा पहिला अंधार बरोबर तिथंच पडतो. म्हणजे फिल्म चांगली निघाली.

दोन स्लिट मस्त. तीन स्लिट मस्त, मोठ्यांच्या मधे एक फिकट पट्टी, बाणाने सांगितली तशी. चार पण ठीक. पाच थोडी गुळगुळीत. आणि दहा लावल्या तर सगळा गोंधळ! शिखरं अरुंद व्हायची सोडून फुगली, प्रत्येक तीनेक मिलिमीटरचा लाल ठिपका झाली, बारकी शिखरं तर नावालाही नाही. थिअरीने रुंदी साधारण १.२ मिलिमीटर पाहिजे. पार्टनर म्हणाली फिल्म खराब, मी म्हटलं लेझर खराब, आणि दोघं भांडून झोपायला गेलो.

११ जानेवारी

फिल्म पण खराब नाही आणि लेझर पण नाही. भिंत जवळ आहे.

पुस्तकात लिहिलेलं असते की पडदा "अनंत अंतरावर", आपण ते वाक्य वाचून पुढं जातो. त्याचा अर्थ असा की स्लिटमधून निघालेल्या लाटा समांतर धरता आल्या पाहिजेत. दोन स्लिटच्या गटाची एकूण रुंदी ०.३ मिलिमीटर, दहाच्या गटाची २.३ मिलिमीटर. आता नुसतं सावलीसारखं पाहा, दहाच्या गटातून सरळ गेलेला उजेडाचा पट्टा स्वतःच २.३ मिलिमीटर रुंद आहे, मग त्यातून भिंतीवर १.२ चं शिखर कुठून येणार? शिखरं त्यांच्यामधल्या अंतराच्या मानाने बारीक दिसायला एक तर खूप दूर जावं लागेल, इतकं दूर की कोनामुळे पडलेलं अंतर या रुंदीपेक्षा कितीतरी मोठं होईल, नाही तर दुसरा काही उपाय पाहिजे.

किती दूर, याचा अंदाज गटाच्या रुंदीचा वर्ग भागिले तरंगलांबी. दोनसाठी १४ सेंटिमीटर आले, म्हणून ५ मीटर भरपूर. पाचसाठी १.७ मीटर, म्हणजे जेमतेम. दहासाठी ८ मीटर, आणि खरं तर याच्या कितीतरी पट पाहिजे. वर्ग आहे ना, स्लिट दुप्पट केल्या की अंतर चौपटीच्याही वर. म्हणजे ज्या गोष्टीने शिखर अरुंद होते, गटाची एकूण रुंदी, तीच गोष्ट भिंत लांब ढकलते. हे कुठल्याच नोट्समधे नाही लिहिलेलं, निदान आमच्या नाही.

दुसरी भानगड पॉइंटरच्या ठिपक्याची. तो अंदाजे ३ मिलिमीटरचा आणि मधे तेजस्वी, कडेला मंद. म्हणजे दहापैकी मधल्या पाच-सहा स्लिटना पोटभर उजेड आणि कडेच्यांना उष्टं. कडेचे बाण आखूड झाले की शिखर रुंदावते आणि शेजारची बारकी शिखरं दबतात. म्हणजे भिंत लांब नेली असती तरी आम्हाला दहा स्लिटचं खरं चित्र मिळालंच नसतं.

१४ जानेवारी

संक्रांत, गच्चीवर दिवसभर "ओ काट" चालू होतं आणि आम्ही बर्डीवर चष्म्याच्या दुकानात. पॉइंटर कॉलेजचा, फिल्म भाऊची, आता लेन्स पाहिजे होती आणि लॅबमधल्या सगळ्या १० नाही तर २० सेंटिमीटर फोकल लेंग्थच्या. दुकानातल्या काकांना म्हटलं, +१.०० नंबरची न कापलेली गोल काच द्या आणि एक +५.०० ची. नंबर म्हणजे मीटरमधल्या फोकल लेंग्थचा व्यस्त, म्हणून +१.०० ची एक मीटर आणि +५.०० ची २० सेंटिमीटर. काका म्हणाले, "एका डोळ्याला एक आणि दुसऱ्याला पाच? कोणाचा आहे नंबर?" समजावून सांगायला दहा मिनिटं गेली. मग त्यांनी कोटिंग नसलेल्या साध्या काचा काढून दिल्या आणि तिळगूळ पण.

मांडणी अशी. पॉइंटर +५.०० मधून जातो, २० सेंटिमीटरवर उजेड एका बिंदूत गोळा होतो आणि तिथून परत पसरतो. त्या बिंदूपासून २ मीटरवर +१.०० ठेवली, तोवर उजेड ३ सेंटिमीटर रुंद झालेला असतो, म्हणून मधले २.३ मिलिमीटर जवळजवळ सारखे उजळतात, कडेच्या स्लिटचं रडणं संपलं. लेन्सच्या पुढे २ मीटरवर भिंत, तिथं त्या बिंदूची प्रतिमा पडते. फिल्म लेन्सला चिकटून.

लेन्सने काय केलं? प्रतिमेच्या जागी लेन्सच्या प्रत्येक भागातून आलेल्या लाटा एकाच फेजमधे पोचतात, प्रतिमा बनते म्हणजे तेच. त्यामुळं त्या जागी पाहिलं तर स्लिट ते भिंत अंतराचा जो फरक आम्हाला छळत होता तो लेन्सने आधीच भरून काढलेला असतो आणि उरतो तो फक्त कोनामुळं आलेला. अनंतावरची भिंत दोन मीटरवर आणली.

भिंतीची जागा शोधायची युक्ती पार्टनरची. फिल्म काढून टाक, नुसता ठिपका पाहा, आणि तो सगळ्यात बारीक होईपर्यंत पुठ्ठा पुढं-मागं कर. कारण प्रत्येक शिखर म्हणजे शेवटी त्या ठिपक्याचीच नक्कल, ठिपका एक मिलिमीटरचा असेल तर शिखर त्याहून बारीक होणार नाही, हजार स्लिट लावा. आमचा ठिपका अंदाजे ०.१ मिलिमीटरवर आला.

मग दहाचा गट लावला. काय सांगू! काळ्या पुठ्ठ्यावर नखाने ओढाव्या तशा लाल रेघा, ५.२ मिलिमीटरवर एक, आणि मधे नीट पाहिलं तर बारीक बारीक मुंग्या. आई चहा घेऊन आली आणि तिने लाइट लावला. असो.

१७ जानेवारी

आता मोजणी. पुठ्ठ्यावर पांढरा कागद लावला, मोबाइल स्टँडवर, फोटो काढला आणि तीन स्लिटच्या चित्रातून एक आडवी रेघ कापून पिक्सेलचे आकडे काढले. बारकं शिखर ६० टक्के आलं! थिअरी ११.

पहिली चूक सोपी होती, मोठ्या शिखरावर लाल चॅनेल २५५ ला जाऊन बसला होता, म्हणजे डोकं कापलं गेलं. ओळखायचं कसं, तर ग्राफचं टोक गोल न दिसता टेबलासारखं सपाट दिसते. एक्सपोजर कमी केलं, टोक गोल झालं, आणि आता ३७ टक्के. कितीही कमी केलं तरी ३७ च.

इथं दोन दिवस गेले. आम्ही खोलीत अजून अंधार केला, कागद बदलला, फिल्म पुसली. शेवटी लॅबवाल्या काकांनी सहज विचारलं, "फोटो जेपीजीमधे आहे का?" आहे. जेपीजीमधला आकडा उजेडाच्या प्रमाणात नसतो, मोबाइल अंधारा भाग उजळून ठेवतो, डोळ्याला बरं दिसावं म्हणून. त्या ठरलेल्या वक्राने ०.११ चं किती होते ते काढलं तर ०.३७! आमचं मोजमाप दोन दिवस बरोबर होतं, फक्त ते उजेडाचं नव्हतं. म्हणजे फोटोत बारकी शिखरं इतकी ठसठशीत का दिसतात तेही समजलं, नेटवरच्या बहुतेक फोटोंमधे ती खोटी मोठी असतात.

प्रो मोडमधे रॉ फोटो घेतला, त्यात हा वक्र नसतो. पाठीमागचा अंधार वजा केला. तीन स्लिट, बारकं शिखर ११.५ टक्के. चारला ७.८ आणि ७.५. चहा पाजला काकांना, तर्री पोहे पण.

२० जानेवारी

पाच स्लिट. मधे तीन बारकी शिखरं दिसली पाहिजेत, ६.२५, ४, ६.२५, म्हणजे मधलं सगळ्यात छोटं. आमचं मधलं सगळ्यात मोठं निघून राहिलं, ११ टक्के. परत जेपीजी? नाही, रॉच आहे. एक्सपोजर? टोक गोल आहे. आणि हे फक्त पाचच्या गटाला, तीन आणि चार अजूनही बरोबर.

परत बाणांकडे. मधल्या शिखराच्या जागी फेजचा फरक १८० अंश, म्हणजे अधिक, उणे, अधिक, उणे, अधिक, बेरीज एक. पाचातला एक, वर्ग केला की ४ टक्के. आता समजा एक स्लिट अर्धी बुजली. ती पहिली, तिसरी किंवा पाचवी असेल तर अधिकवाला बाण आखूड होतो, बेरीज एकाहून कमी, शिखर अजून छोटं होणार. पण दुसरी किंवा चौथी असेल तर उणेवाला आखूड होतो आणि बेरीज वाढते, दीड. मोठ्या शिखराची लांबी तेव्हा साडेचार. दीड भागिले साडेचार म्हणजे एक तृतीयांश, वर्ग ११ टक्के!

मी वहीत लिहिलं, "दुसरी नाहीतर चौथी, अर्धी बंद." मग फिल्म लॅबच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. चौथीत एक धाग्यासारखा कण, जवळजवळ अर्ध्या उंचीवर आडवा-तिडवा पसरलेला. स्वेटरचा असावा, माझा स्वेटर लाल आहे आणि कण पण लालसर होता, पण पार्टनरला सांगितलं नाही. फुंकणीने उडवला, परत मोजलं, ६.६, ४.३, ६.४.

भिंतीवरचा उजेड पाहून न दिसणाऱ्या स्लिटचा नंबर सांगता आला, हे मला पूर्ण प्रोजेक्टमधे सगळ्यात जास्त आवडलं. दुसरी की चौथी ते मात्र नाही सांगता येत, तीव्रता दोघींना सारखीच येते.

२४ जानेवारी

रुंदी. मोठ्या शिखराची अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी मोजायची ठरवली, अंधारापासून अंधारापर्यंत नाही, कारण अंधाराचा तळ कुठं आहे ते फोटोत नक्की सांगता येत नाही. हिशोबाने दोनला २.६ मिलिमीटर, तीनला १.६, पाचला ०.९४, दहाला ०.४६. आम्हाला मिळाले २.६, १.६५, १.०, ०.५५.

म्हणजे सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे जास्त. सर म्हणाले चूक टक्क्यात नका पाहू, मिलिमीटरमधे पाहा. पाहिलं तर दहाला जवळजवळ एक दशांश मिलिमीटर जास्तीची रुंदी. काहीतरी ठराविक पुसटपणा सगळ्यांनाच लागतो, रुंद शिखरात तो विरून जातो आणि अरुंदात दिसतो. ठिपक्याचा आकार एक कारण आहे पण तो एकटा पुरत नाही. दुसरं कारण कागद. लेझर कागदाच्या पृष्ठभागावर थांबत नाही, तंतूंमधे थोडा आत शिरतो आणि बाजूने बाहेर येतो. पॉइंटर कागदाला टेकवून पाहा, ठिपक्याभोवती लाल वलय दिसेल तेच.

उंचीचा पण एक घोळ झाला. पार्टनरने पाचच्या आणि दहाच्या शिखरांची उंची एकाच एक्सपोजरला ताडून पाहिली, चारपट पाहिजे होती, साडेतीनपटीच्या जरा वर आली. मला वाटलं गेलं. पण तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरला तर टोक खाली येणारच. उंची गुणिले रुंदी केली तर दहाची पाचच्या दुप्पट निघाली, थोडंसं इकडेतिकडे. स्लिट दुप्पट, उजेड दुप्पट, हिशोब जुळला. उंची चौपट होते ती रुंदी अर्धी होते म्हणून, कुठून नवीन उजेड येत नाही.

२८ जानेवारी

कागद काढून टाकला. एक जुना वेबकॅम होता, त्याची पुढची लेन्स फिरवून काढली आणि सेन्सर थेट भिंतीच्या जागी ठेवला. पॉइंटरसमोर दोन पोलरॉइडच्या काचा एकमेकींना तिरप्या करून उजेड खूप कमी केला, नाहीतर सगळं पांढरं. सेन्सर ३.६ मिलिमीटर रुंद, म्हणून त्यात पूर्ण एक ऑर्डर पण मावत नाही, मधलं मोठं शिखर आणि दोन्हीकडे दोन-दोन बारकी, बस.

वेबकॅमला रॉ नाही, म्हणून त्याचा वक्र आम्हीच काढला. एक पोलरॉइड फिरवत गेलो, उजेड कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने कमी होतो हे माहीत आहे, आणि प्रत्येक कोनाला पिक्सेलचा आकडा लिहून घेतला. त्या टेबलाने परत उलट करून उजेड काढला.

दहा स्लिट, रुंदी ०.४७. शेजारचं पहिलं बारकं शिखर डावीकडे ५.२ टक्के, उजवीकडे ५.६. सरांनी ग्राफ पाहिला आणि विचारलं, "उजवं का मोठं?" मी म्हटलं, परत फिल्म मायक्रोस्कोपखाली ठेवतो. ते म्हणाले एक-दोन स्लिटवर धूळ असती तर दोन्हीकडे सारखंच वाढलं असतं, तूच नाही का लिहिलं, दुसरी की चौथी सांगता येत नाही म्हणून. डावं-उजवं वेगळं व्हायला स्लिटमधून लाट मागं-पुढं निघाली पाहिजे, फेज बिघडला पाहिजे. फिल्म पाहा कुठं वाकली आहे का, नाहीतर ती जाडीला सारखी नसेल.

उद्या फिल्म दोन काचांच्या मधे दाबून, आणि मग उलटी फिरवून लावतो. उलटी केल्यावर बारक्यांतलं मोठं शिखर डावीकडे गेलं तर दोष फिल्मचा, तिथंच राहिलं तर लेन्सचा नाहीतर मांडणीचा.